सोळाचा ब्रेकर

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो वायरमनच्या घरात अक्षरशः पडायचा, आणि तोही नेमका मोरीत. दुनियेच्या घरी दिवे लावत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात सकाळी गिझर आणि इस्त्री एकदम चालू झाली की थोड्या वेळात बोर्डात खट्ट व्हायचं. बायकोची इस्त्री थंड, गिझर थंड, आणि मोरीतला दिवाही गुल. मोरीला खिडकी नाही. आत बाबा, अंगाला साबण लावलेला.

गल्लीत त्याला सगळे वायरमनच म्हणायचे. खरं नाव बहुधा फक्त रेशनच्या दुकानात वापरलं जात असेल. माणूस चांगला होता, पण दमलेला. दिवसभर लोकांच्या माळ्यांवर चढायचं, वायरीसाठी भिंतींना झिऱ्या मारायच्या, नाकातोंडात सिमेंट भरून घरी यायचं आणि घरी आल्यावर बायको म्हणणार, "अहो, आज परत उडाला." कोण उडाला हे विचारायची गरजच उरली नव्हती.

बायकोचंही काही खोटं नव्हतं. ती एका मोठ्या दवाखान्याचे कोट आणि चादरी इस्त्री करायची. गठ्ठा आदल्या दिवशी यायचा आणि दुपारच्या आत परत जायचा. सगळं काम सकाळचं. आणि बाबांची आंघोळही सकाळचीच. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा हात अर्धा कामाचा आणि अर्धा शोभेचा होता. एक तांब्या ओतायला त्यांना इतका वेळ लागायचा की तेवढ्यात दुसरा माणूस आंघोळ उरकून भांग पाडून बाहेर पडला असता. पण आंघोळ ते स्वतःच करायचे. दार लावून, आतून कडी घालून. जेवण वाढलेलं खावं लागे, शर्टाची बटणं सुनेकडून लावून घ्यावी लागत, औषधं मुलगा हातावर देई. कडी मात्र ते स्वतः लावायचे. आयुष्यभर मालट्रक चालवलेल्या माणसाकडे स्वतःच्या ताब्यातलं एवढंच उरलं होतं, आणि ते सोडायला ते तयार नव्हते.

ब्रेकर उडायला लागला तो नवी इस्त्री आल्यापासून. आधीची इस्त्री हजार वॉटची, साधी. ती आणि गिझर मिळून सोळा अँपिअरच्या मर्यादेच्या जरा वर जायचे, पण ब्रेकर कुरकुर न करता चालवून घ्यायचा. दवाखान्याच्या जाड कोटांना ती पुरेना म्हणून दोन हजाराची वाफेची इस्त्री घेतली, आणि घरात हा रोजचा तमाशा सुरू झाला.

"ब्रेकरच खराब झालाय," बायको म्हणाली. वायरमनने नवा ब्रेकर बसवला. त्याला माहीत होतं की ब्रेकर खराब नाही. पण दमलेला माणूस कधीकधी वाद घालण्यापेक्षा स्क्रू पिळणं पसंत करतो. नवाही दुसऱ्या दिवशी उडाला.

"मग मोठा लावा ना! तुमच्या पिशवीत बत्तीसचे पडलेत. परक्यांच्या घरी लावता ते?"

वायरमन हातपायही न धुता उठला, मेन बंद केला, बोर्ड उघडला. बत्तीसचा ब्रेकर हातात होता. दोन स्क्रूंचं काम. मग घरात शांतता, बायको खूश, बाबांना उजेड. त्याने जुन्या ब्रेकरमधून वायर बाहेर ओढली आणि तिच्याकडे बघत बसला. अडीच एमेमची वायर, भिंतीतून खोलीच्या प्लगकडे गेलेली. मागची मोरी बांधली तेव्हा कुणीतरी त्याच प्लगमधून पुढे ओढून गिझर आणि दिवा दोन्ही तिच्यावरच टांगले होते. ही वायर बत्तीसचा करंट काही पेलायची नाही. मुकाट्याने तापत राहील, भिंतीच्या आत वरचं प्लॅस्टिक भाजत राहील, आणि ब्रेकर मात्र आपल्याला काय त्याचं म्हणून झोपलेला असेल. काळा पडलेला, वितळून भिंतीला चिकटलेला प्लग त्याने लोकांच्या घरी पुष्कळ वेळा खरवडून काढला होता. त्याने सोळाचाच पुन्हा बसवला.

"का?" बायकोने विचारलं.

जेवताना त्याने समजावलं. सांगत होता बायकोला, ऐकत होते बाबाही, भाकरीचे तुकडे उजव्या हाताने दुधात कालवत.

"हे बघ. गिझर तीन हजार वॉटचा. वॉटला आपल्या व्होल्टेजने, म्हणजे दोनशे तीसने भागायचं. तेरा अँपिअर आले. तुझी इस्त्री दोन हजारांची, ती जवळजवळ नऊ खाते. तेरा नि नऊ किती?"

"बावीस. एवढं येतं मला."

"आणि ब्रेकर सोळाचा."

"मग लगेच का नाही उडत? कधी दोन कोट होतात, कधी सहा होतात."

हा प्रश्न चांगला होता, आणि वायरमनला दमलेल्या अंगातही जरा बरं वाटलं. "आत एक पट्टी असते, दोन धातूंची. करंट जास्त झाला की ती तापते, तापली की वाकते, पुरेशी वाकली की खटका सोडते. वायरला वायर भिडली, शॉर्ट झालं, तर त्याला वेगळा खटका आहे, तो पापणी लवायच्या आत पडतो. आपलं तसं नाही. आपला भार थोडाच जास्त आहे, म्हणून पट्टीला वाकायला वेळ लागतो. त्यात तुझी इस्त्री तापली की आपोआप बंद होते, निवली की पुन्हा चालू होते. ती बंद असते तेवढ्यात पट्टीला विसावा मिळतो. जाड ओला कोट आला की इस्त्री बंदच होत नाही, आणि मग उडतो."

"म्हणून मी बटण वर केलं तरी राहत नाही? परत खाली पडतं?"

"पट्टी गरम असते ना. तिला निवू दे, मग वर कर."

"ती निवेपर्यंत बाबा अंधारात," बायको म्हणाली.

बाबांना झटक्यानंतर बोलायला वेळ लागायचा. शब्द एकेक करून चढ चढून यायचे. "म्हणजे सोळा हा आकडा," ते म्हणाले, "गिझरचा नाही. इस्त्रीचा नाही. वायरचा."

"बरोबर, बाबा. वायर किती सोसेल त्यावरून ब्रेकर ठरतो."

"आमच्या गाडीवर टन लिहिलेले असायचे. लोकांना वाटायचं, इंजिन तेवढंच ओढतं. इंजिन तर दुप्पट ओढेल. पण स्प्रिंगचे पाटे तुटतील, टायर फुटतील. चेकनाक्यावर अडवायचे. आम्ही नाक्यावाल्याला शिव्या द्यायचो." ते तोंडाच्या उजव्या बाजूने हसले. "ब्रेकर म्हणजे नाकाच की."

"अगदी तसंच."

"मग उपाय काय?"

"उपाय एकच. गिझरला वेगळी जाड लाइन टाकायची, बोर्डापासून थेट. ती मी टाकतो, या रविवारी. तोवर भार उतरवायचा. दोघांपैकी एकच चालू ठेवायचं."

तो रविवार आला नि गेला. पुढचाही गेला. रविवारी लोकांची घरं रिकामी असतात, म्हणून लोक वायरमनला रविवारीच बोलावतात. सुताराच्या घरी तीन पायांचं स्टूल म्हणतात त्यातली गत. तोवर घरात हाकाटीची पद्धत पडली. बाबा गिझर लावताना ओरडणार, "गिझर!" आणि सून ओरडणार, "इस्त्री बंद!" काही दिवस बरं चाललं. पण बाबांची आंघोळ लांबायची, दवाखान्याची गाडी दारात येऊन उभी राहायची, आणि मग सून एखादा कोट हळूच उरकून घ्यायची. एखाद्याचे दोन व्हायचे. तीही माणूसच होती. पहाटेपासून उभी, पायांना सूज, खांद्यात कळ. असं एखादा कोट उरकताना एक दिवस खट्ट झालं.

आतून नेहमी "अगं, दिवा!" अशी हाक यायची. त्या दिवशी आली नाही. काहीतरी पडल्याचा आवाज आला, बादली गडगडली. तिने हाका मारल्या, दार वाजवलं. वायरमन सामान न्यायला घरी आला होता म्हणून बरं. त्याने खांदा देऊन कडी उखडली. बाबा भिंतीला टेकून खाली बसले होते, साबणाने डोळे मिटलेले, अंगावर काही नाही. लागलं नव्हतं. पण सुनेने दारातून पाहिलं, आणि बाबांना ते कळलं. त्यांनी उजवा हात अंगापुढे धरला आणि मान भिंतीकडे वळवली.

त्या संध्याकाळी ताई आली, म्हणजे वायरमनची मोठी बहीण. तिने भरपूर रडून घेतलं आणि मग हुकूम सोडला: बाबांना आंघोळ घालायला माणूस ठेवा, नाहीतर मी त्यांना माझ्याकडे नेते. वायरमनचं डोकं फुटायची वेळ आली होती. बाबा शेजारच्या खाटेवर पडले होते, झोपलेत असं त्याने धरून घेतलं.

"मी नवी कडी बसवलीय," तो म्हणाला. "पण पुन्हा एकदा जरी दिवा गेला ना, तर कडी काढून टाकीन आणि माणूस ठेवीन. मलाही आता सोसवत नाही."

बोलून मोकळा झाला. दमलेली माणसं असंच बोलतात, आणि बहुतेक वेळा ऐकणारी माणसंही तेवढीच दमलेली असल्यामुळे ते वाया जातं. हे गेलं नाही.

कारण त्यानंतर ब्रेकर उडाला नाही. सकाळी गिझर, सकाळी इस्त्री, बोर्डात शांतता. थंडी वाढली तरी नाही. बायकोच्या चेहऱ्यावर जरा तकाकी आली. गाडी वेळेवर जाऊ लागली. "बाबाच म्हणाले, तू कर तुझं काम, आता काही होत नाही," ती सांगायची. "काय केलंत तुम्ही?"

वायरमनने काहीच केलं नव्हतं. पहिले काही दिवस त्याने देवाचे आभार मानले आणि लाइन टाकायचं काम अजून पुढे ढकललं. पण मनात खुटखुट राहिली. माणसाचा ताप आपोआप उतरतो, वायरिंगचा उतरत नाही. तेरा नि नऊ काल बावीस होते, तर आजही बावीसच. ब्रेकर उडत नाही म्हणजे ब्रेकरच चिकटलाय, खटका सोडायचा विसरलाय, आणि वायर आत भाजतेय. या विचाराने त्याला दुपारी एका गिऱ्हाइकाच्या शिडीवर उभं असताना घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला नाही. गेल्यासारखं केलं, कोपऱ्यावर चहा प्यायला, आणि बाबा मोरीत गेल्यावर परत आला. बायको इस्त्री करत होती. त्याने तोंडावर बोट ठेवलं, बोर्डाचं झाकण उघडलं, आणि सोळाच्या ब्रेकरमधून निघालेल्या वायरला चिमटा मीटर लावला. हा मीटर वायर न तोडता, नुसता भोवती धरला की करंट सांगतो. आकडा आला साडेआठच्या पुढे. ही इस्त्री. मोरीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. गिझरचे तेरा यात हवे होते.

इस्त्री तापली आणि टक्क करून आपोआप बंद झाली. मीटरवर जवळजवळ शून्य आलं. दिव्यापुरतं काहीतरी.

म्हणजे गिझरचं कॉइल गेलंय, त्याच्या मनात आलं. कॉइल जळलं, म्हणून भार कमी, म्हणून ब्रेकर शांत. म्हातारा गार पाण्याने आंघोळ करतोय आणि त्याला सांगताही येत नाही. तो मागच्या बोळात गेला. मोरीच्या दाराबाहेर, टॉवेलांच्या मागे गिझरचं बटण होतं. त्याने टॉवेल बाजूला केले. बटणावरचा लाल दिवा विझलेला होता. बटण बंदच होतं.

त्याने ते चालू केलं. लाल दिवा लागला. आत, वर टांगलेल्या टाकीतून पाणी तापायचा बारीक सूंऽऽऽ आवाज सुरू झाला. कॉइल ठणठणीत होतं.

आतला तांब्या थांबला. "कोण आहे?" बाबांचा आवाज घाबरलेला होता. "गिझर बंद करा. सूनबाईची इस्त्री चालूये. बंद करा लवकर!"

वायरमनने बटण बंद केलं. बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने विझलेल्या लाल दिव्याकडे पाहिलं, मग मोरीच्या दाराकडे, आणि मग एकदम तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

बाबा खूप वेळाने बाहेर आले. ओठ काळेनिळे, हाडं एकमेकांवर वाजत होती. वायरमनने त्यांना खाटेवर बसवलं, चादर गुंडाळली, पाय हातात घेऊन चोळू लागला. पाय दगडासारखे गार होते.

"किती दिवस झाले, बाबा?"

बाबांनी खांदा उडवला. उजवाच, धड असलेला.

"एवढ्या थंडीत? डॉक्टरने सांगितलंय ना, गार पाणी अंगावर घ्यायचं नाही म्हणून! सांगायचं नाही? मेला असतात म्हणजे?" त्याचा आवाज चढला. त्याला राग आला होता आणि तो राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, तेही त्याला ठाऊक होतं. पुढचा रविवार म्हटलं असतं.

बाबांचे शब्द चढ चढून आले. "तूच म्हणालास. वायर एवढंच सोसते. भार उतरवायचा. तिचं काम… ते उतरवता येत नाही. घर चालतं. मग माझा उतरवला." थोडं थांबून म्हणाले, "दिवा गेला असता तर कडी काढली असतीस."

वायरमनने जन्मात शेकडो लोकांना हा हिशोब समजावला होता. कुणी ऐकलं नव्हतं. लोक मान हलवायचे आणि मागून दुकानातून बत्तीसचा आणायचे. एका माणसाने तो शब्दन् शब्द ऐकला, बरोबर ऐकला, आणि बेरजेतून स्वतःला वजा केलं. त्याला वाटलं, आपण आत्ता ओरडलो त्याच्यापेक्षा आपल्या थोबाडीत मारून घेतली असती तर बरं झालं असतं.

"लाइन आज टाकतो," तो म्हणाला.

"आज काम नाही?"

"आहे. घरचंच."

त्याने फोन करून दोन गिऱ्हाइकं पुढे ढकलली. एकाने शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. मग मेन बंद केला आणि बोर्डापासून मोरीपर्यंत भिंतीवरून केसिंगची पट्टी ठोकायला घेतली. त्यातून चार एमेमची जाड वायर, फेज आणि न्यूट्रल, सोबत अर्थिंगची. तिला बोर्डात स्वतःचा वीसचा ब्रेकर. गिझरचे तेरा त्यात आरामात बसतात, आणि वायर वीसला भीत नाही. विजेच्या मीटरकडून येणारी मोठी केबल आणि मेन स्विच गिझर-इस्त्रीचा एकत्र भार सोसतात का, तेही पाहून घेतलं. सोसत होते. मोरीचा दिवा त्याने जुन्या प्लगच्या लाइनवरून सोडवून घरातल्या इतर दिव्यांच्या लाइनवर टाकला. दुसऱ्याच्या घरी त्याने हे काम हसत गप्पा मारत केलं असतं. इथे तो खाली मान घालून ठोकत राहिला. बायको न सांगता शिडी धरून उभी राहिली. कोटांचा गठ्ठा तसाच पडला होता आणि दवाखान्याची गाडी दारात हॉर्न देऊन रिकामी गेली. तिने वळूनही पाहिलं नाही.

"मी एखादा कोट, एखादा कोट करत राहिले हो," ती शिडीला टेकून म्हणाली.

"मी पण रविवार, रविवार करत राहिलो," तो म्हणाला.

दुपारी सगळं जागेवर बसलं. त्याने गिझर लावला, बायकोला इस्त्री लावायला सांगितली, सगळ्यात जाड कोट घ्यायला सांगितला. मीटर एका वायरवर धरला, मग दुसऱ्या वायरवर. एकीत तेरा, दुसरीत नऊच्या आसपास. दोन्ही ब्रेकर गप्प. तसेच बराच वेळ उभे राहून दोघांनी वाट पाहिली. काही उडालं नाही.

"बाबा, आंघोळ करा," तो म्हणाला. "गरम पाण्याने. सकाळची झालीच नाही असं धरा."

बाबा काठी टेकत आत गेले. कडी लागल्याचा आवाज आला. वायरमन बोळात जमिनीवरच बसला, पाठ भिंतीला, पाय लांब. आत बादलीत पाणी पडू लागलं. मग थांबलं.

"सूनबाई," आतून हाक आली, "इस्त्री चालूये का?"

"चालूये, बाबा!"

एकही तांब्या ओतला गेला नाही. "मग मी थांबतो. तुझं होऊ दे."

वायरमन उठला नाही. दाराकडे तोंड करून म्हणाला, "थांबायचं नाही, बाबा. ही लाइन तुमची वेगळी आहे. तिचं तिकडे चालू, तुमचं इकडे. तुमच्यामुळे आता या घरात कुणाचं काही बंद पडत नाही."

मग बाबा बोलले, इतक्या हळू की त्याला दाराला कान लावावा लागला.

"खरं सांगतोस ना?"

अर्ध्या गावाला अँपिअर समजावणाऱ्या त्या माणसाने हा प्रश्न मात्र बायकोकडे धाडला. "ऐकलंस का, बाबा विचारतायत, खरं ना?" आतल्या खोलीतून, कोटावरची इस्त्री न उचलता, बायको ओरडली, "खरं, बाबा! ओता बिनधास्त!"

आणि मग पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला.